राणी आधी की शेवटी? फायनलमधला एक बोर्ड आणि नवशिक्याचे प्रश्न

ठाण्याचा_नवा_गडी
सोसायटीच्या गणपतीतली कॅरमची फायनल हरलो. २०-१६ असा पुढे होतो. माझ्या पांढऱ्या तीन उरल्या होत्या: एक समोरच्या डाव्या पॉकेटच्या अगदी तोंडावर, एक मध्ये मोकळी, एक माझ्याच बाजूला बेसलाइनच्या मागे. राणी समोरच्या उजव्या पॉकेटपासून चार बोटांवर, सरळ रेषेत. त्याच्या काळ्या पाच. मी सोप्या दोन घेतल्या, मग राणी घेतली, आणि तिच्या पाठोपाठ आपली सोंगटी घ्यायची ते कव्हर चुकलं. राणी परत मध्यावर. पुढच्या दोन पाळ्यांत त्याने राणी कव्हरसकट घेतली आणि बोर्ड संपवला. २०-२० झाले, पुढचा बोर्डही गेला. सुरक्षित खेळायचं तर राणी नेमकी कधी घ्यायची? आणि ब्रेक जोरात करायचा की हळू?

सांगलीकर
राणीचा नाद सोडा. तिचे गुण ३, आणि तेही बोर्ड जिंकलात तरच. समोरच्याने राणी घेतली पण बोर्ड तुम्ही जिंकलात, तर त्याला तिचा काडीचा उपयोग नाही. त्याच्या पाच काळ्या उरल्या असत्या तर तुम्हाला ५ गुण तसेच मिळाले असते आणि २५ वर गेम संपला असता. नवीन माणसाने आपल्या सोंगट्या घ्याव्यात, राणी त्याची त्याला घेऊ द्यावी.

जुना_क्लबवाला
सांगलीकर, गुणांचा हिशोब बरोबर आहे. पण त्याने घेतलीच नाही तर? राणी बोर्डावर असताना तुम्ही आपली शेवटची सोंगटी घेतलीत तर बोर्ड जिंकत नाही, हरता. म्हणजे शेवटच्या सोंगटीच्या आधी कुणीतरी राणी घ्यायलाच हवी. समोरचा शहाणा असेल तर तो तिला हात लावणार नाही, आणि तुम्ही शेवटच्या एका सोंगटीवर अडकून बसाल. ठाणेकर अडकले ते नेमके इथेच.

आता त्यांचा बोर्ड बघा. कॅरममध्ये प्रत्येक फटक्याला स्ट्रायकर परत बेसलाइनवर येतो, त्यामुळे स्ट्रायकर कुठे थांबेल याची काळजी नसते. काळजी करायची ती कुठली सोंगटी आधी आणि कुठली मागे ठेवायची याची. तुमच्याकडे तोंडावरची सोंगटी होती, म्हणजे घरात ठेवलेलं कव्हर. ते तुम्ही सर्वांत आधी खर्च केलंत आणि राणीला कव्हर म्हणून बेसलाइनच्या मागची, तिन्हींत सर्वांत अवघड सोंगटी उरली. क्रम असा हवा होता: पहिला फटका राणी, दुसरा तोंडावरची, तिसरा मधली. मागची चुकली असती तरी राणी कव्हर झालेली, त्याच्या पाच काळ्या तशाच, आणि तुमची एकच बाकी. त्याने मधे काही घेतलं नसतं, तर पुढच्या पाळीत ती घेऊनही पाच आणि तीन असे ८ मिळाले असते.

राणी पहिल्याच फटक्यात चुकली असती तरी तोंडावरची जागेवरच राहिली असती. शिवाय ती सोंगटी ते पॉकेट अडवून बसते. त्याला तिथे काळी घ्यायची तर आधी तुमची पांढरी आत जाते, म्हणजे तो तुमचंच काम करतो.

कोल्हापूरची_सूनबाई
आमच्याकडे तर राणी पहिल्यांदाच घेतात! काळी १०, पांढरी २०, राणी ५०. सासूबाई बोर्ड फुटला की दुसरं काही बघत नाहीत, राणी आणि लगेच एक पांढरी. चौघे खेळतो तेव्हा त्याच जिंकतात. मग ठाणेकरांनी आधीच का नाही घेतली?

जुना_क्लबवाला
ताई, तो पॉइंटचा खेळ. त्यात कुठलीही सोंगटी कुणाचीही, म्हणून कव्हर कायम हाताशी असतं. इथे पांढरी-काळी वाटून घेतलेली आहे, आणि आपली एक सोंगटी आत गेल्याशिवाय राणी घेताच येत नाही. पण सासूबाईंची एक सवय इथेही कामाची आहे: राणी घेण्याआधी पांढरी हेरून ठेवायची.

दादरचा_दणका
मला हे सगळं फार जपून खेळणं वाटतं. ब्रेकपासूनच बोलू. ब्रेक करणाऱ्याच्या पांढऱ्या, आणि मांडणीही त्याच्याच हातात. पांढऱ्यांच्या इंग्रजी वाय आकाराची एक फांदी कोपऱ्यातल्या पॉकेटकडे रोखून ठेवा आणि सणसणीत मारा. एक जरी गेली तरी पाळी तुमचीच, आणि अख्खा बोर्ड उघडा. प्रशांत मोरे, संदीप दिवे या मोठ्या कॅरमपटूंचे सामने बघा. मंद ब्रेक केलात तर गठ्ठा तसाच राहतो आणि कुणालाच काही मिळत नाही.

जुना_क्लबवाला
त्यांच्यासारखा खेळाडू उघड्या बोर्डावर पाठोपाठ सोंगट्या घेत जातो, म्हणून त्यांना तो उघडा हवा असतो. नवशिक्या दणका मारतो आणि बहुतेक वेळा काहीच आत जात नाही. मग नऊच्या नऊ काळ्या पसरलेल्या, आणि पाळी समोरच्याची. त्यात स्ट्रायकर कडेवर आपटून परत येताना पॉकेटमध्ये गेला तर सुरुवातच एका सोंगटीच्या दंडाने. मी शिकवताना मध्यम जोराने, गठ्ठ्याच्या थोडं बाजूला मारायला सांगतो. दोन-तीन पांढऱ्या सुटून कोपऱ्यांकडे सरकतात, काळ्या बऱ्याचशा एकमेकींना चिकटून राहतात.

दादरचा_दणका
आणि दोघेही नवशिके असतील तर? चिकटलेल्या गठ्ठ्याला कधीतरी कुणालातरी फोडावंच लागतं, आणि जो फोडतो तो समोरच्याला ताट वाढून देतो. त्यापेक्षा पहिला दणका मीच देतो, निदान त्यात काही आत जायची शक्यता असते.

जुना_क्लबवाला
दोघे सारखेच असतील तर तुमचं म्हणणं मी सरळ खोडून काढू शकत नाही. समोरचा आपल्यापेक्षा बरा असेल तेव्हा मात्र मी हळूच खेळेन.

सांगलीकर
शेवटच्या सोंगटीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, तो मान्य. पण ठाणेकरांची राणी पॉकेटपासून चार बोटांवर होती म्हणून हे गणित जुळतं. ती कडेला चिकटलेली असती तर? तेव्हाही आधी तिच्यावरच जायचं?

जुना_क्लबवाला
नाही, तेव्हा नाही. अशा वेळी मी मधली मोकळी घेईन, तोंडावरची ठेवीन, आणि राणीला हलकेच पॉकेटकडे सरकवेन. "सुरक्षित फटका" म्हणजे नुसता सोपा फटका नव्हे. चुकला तर सोंगटी कुठे थांबेल, हे आधी बघायचं. हळू मारलेली चुकली तर ती पॉकेटच्या जवळपास थांबते. जोरात मारलेली कडेवर आपटून मध्यावर येते, कधी दुसरीकडच्या दोन काळ्याही मोकळ्या करते. राणी सरकवण्यात मात्र धोका आहे: ती समोरच्याच्या सोयीची होऊ शकते. म्हणून त्याच्याकडे कव्हरची सोंगटी तयार आहे का, ते आधी बघा. तयार असेल तर राणीला हात लावू नका.

दादरचा_दणका
हळू मारायचं म्हणता, पण पावसाळ्यात बोर्ड जड होतो. बोरिक पावडर टाकूनही सोंगटी अर्ध्यात बसते. गणपतीतच आमच्या मंडळाच्या बोर्डावर मी तीन सोप्या अशाच घालवल्या.

जुना_क्लबवाला
खरं आहे. म्हणून सामन्याआधी दोन-चार सोंगट्या मारून बोर्ड किती चालतो ते बघायचं. हळू म्हणजे पॉकेटपर्यंत पोचून वीतभर पुढे जाईल एवढा जोर, त्याहून कमी नाही.

ठाण्याचा_नवा_गडी
काल तोच बोर्ड घरी मांडून दहा वेळा खेळलो. राणी आधी घेतली तेव्हा सात वेळा राणी आणि कव्हर दोन्ही मिळाले. माझ्या क्रमाने दहांत दोनदाच. पण मागची सोंगटी मला दोन्हीकडे छळते. समोरच्या कडेवरून स्ट्रायकर परत आणून मारतो तेव्हा निम्म्या वेळा तो स्वतःच पॉकेटमध्ये जातो. हा फटका अंगठ्याने मारावा का?