मदत हवी आहे: सारांश १०० शब्दांत बसवायचा आहे, मुख्य मुद्दाच कापला जातोय

केतकी_ब
परिषदेसाठी सारांश पाठवायचा आहे. मर्यादा १००, माझे १४७ होताहेत. उद्या रात्री फॉर्म बंद होणार. एकदा कापून ९८ वर आणला होता, पण मार्गदर्शक म्हणाले, "हे सगळं ठीक, पण तुझं म्हणणं काय आहे?" परत १४७ वर आले. कसं कापायचं ते कोणी नीट सांगेल का? "अनावश्यक शब्द काढा" हा सल्ला नको, तो करून झालाय.

सुहास_नाशिक
सारांशलेखनाचा नियम सोपा आहे. मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांश करायचं, स्वतःच्या शब्दांत लिहायचं आणि वर समर्पक शीर्षक द्यायचं. १४७ चे ४९ होतील, म्हणजे तुम्ही मर्यादेच्या आतच. मी स्पर्धा परीक्षेला असाच सराव केला होता.

केतकी_ब
परीक्षेतला उतारा नाहीये हो. माझ्याच शोधनिबंधाचा सारांश आहे.

प्रूफवाचक
विषय काय, भाषा कोणती, शीर्षक आणि बीजशब्द १०० मध्ये धरतात का? आणि ९८ वर आणताना नेमकं काय काढलं होतंत? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार? सारांश इथेच टाका.

ऋग्वेद_कोड
आधी मोजणी तपासा. काही ऑनलाइन फॉर्म देवनागरी शब्द काना-मात्रेपाशी तोडतात आणि एकाचे दोन-तीन मोजतात. वर्डमध्ये १४७ आणि फॉर्ममध्ये वेगळा आकडा असेल, तर दोष तुमचा नाही, आयोजकांना कळवा.

केतकी_ब
दोन्हीकडे १४७ च येतात. शीर्षक वेगळ्या रकान्यात आहे, ते धरत नाहीत. बीजशब्द नाहीत. शीर्षक असं: "हजेरी नव्हे, माप: १९७२ च्या दुष्काळी कामांवरील स्त्रिया". सारांश हा:

"महाराष्ट्रात १९७२ साली पडलेल्या भीषण दुष्काळाच्या काळात शासनाच्या वतीने मोठ्या प्रमाणावर दुष्काळी कामे सुरू करण्यात आली होती. या कामांवर काम करणाऱ्या मजुरांमध्ये स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते. आजवर झालेल्या लेखनामध्ये या स्त्रियांकडे प्रामुख्याने मदतीच्या लाभार्थी म्हणून पाहण्यात आलेले आहे. प्रस्तुत शोधनिबंधात सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्यामध्ये खडी फोडण्याच्या कामावर गेलेल्या २४ स्त्रियांच्या मुलाखती घेण्यात आल्या असून त्यांच्या आठवणींचा अभ्यास करण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे. मजुरी हजेरीवर नव्हे तर फोडलेल्या खडीच्या मापावर ठरत असल्यामुळे माप कोण घेते, केव्हा घेते आणि कसे घेते या गोष्टींना अत्यंत महत्त्व प्राप्त झाले होते. मुलाखतींमधून असे दिसून येते की, या स्त्रियांनी टोळ्या करून, स्वतःची मापे ठेवून आणि मुकादमाशी वाद घालून मजुरी वाढवून घेतली. त्यामुळे त्यांच्याकडे केवळ लाभार्थी म्हणून न पाहता वाटाघाटी करणाऱ्या मजूर म्हणून पाहणे आवश्यक आहे असे म्हणता येईल. अर्थात हे निष्कर्ष एका तालुक्यापुरते आणि पन्नास वर्षांनंतरच्या आठवणींवर आधारलेले आहेत. या अभ्यासातून दुष्काळाच्या सामाजिक इतिहासाकडे पाहण्याची एक नवी दृष्टी मिळू शकेल अशी आशा वाटते."

९८ वर आणताना सात सुटे शब्द काढले आणि बाकी शेवटून कापत गेले होते. नवी दृष्टी, मर्यादा आणि त्याआधीचं "त्यामुळे" वालं वाक्य गेलं.

विनया_संपादन
"करण्यात आली होती", "करण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे" ही सरकारी मराठी काढा, तिथेच सगळं सुटेल. "सुरू केली", "अभ्यास केला आहे", "महत्त्व आले", "दिसते की". थेट क्रियापद वापरलं की शब्द आपोआप वाचतात. मी रोज हेच करते. पन्नास काय, शंभर शब्दसुद्धा निघतात.

केतकी_ब
केलं. "असे म्हणता येईल" पण काढलं. १३१ झाले. अजून ३१ जास्त आहेत.

तात्या_बार्शी
ताई, मी त्या वेळी शाळेत होतो. आई खडीवर जायची. सुकडी आणि लाल मिलो हे दोन शब्द ऐकले तरी तोंडाची चव जाते. तुमच्या सारांशात सुकडीचा उल्लेखच नाही, तो हवा. त्याशिवाय ७२ चा दुष्काळ लिहिलाच कसा? आणि मापाचं म्हणाल तर खडीचा ढीग ब्रासवर मोजायचे. वर खडी आणि आत मोठे दगड असतील तर माप कापायचे. उशिरा मोजायला आले की ढीग खाली बसलेला असायचा, ते माप कुणी भरून द्यायचं?

केतकी_ब
तात्या, ढीग बसण्याचं बऱ्याच जणींनी सांगितलंय. "केव्हा घेते" हे त्यासाठीच लिहिलंय. सुकडीवर वेगळं प्रकरण आहे, इथे जागा नाही.

प्रूफवाचक
आता बोलता येईल. विनयाताईंचा उपाय बरोबर आहे, पण तो पहिला करायचा नाही. त्याने वाक्यं बारीक होतात, वाक्यांची संख्या तीच राहते. तुमच्याकडे नऊ वाक्यं आहेत आणि त्यांतली चारच दावा वाहतात. ती आधी ओळखा.

दाव्यासाठी तीन गोष्टी लागतात. कुणाच्या म्हणण्याविरुद्ध बोलता, तुम्ही काय म्हणता आणि ते खरं मानायला काय कारण आहे. तुमच्यात ही अनुक्रमे तिसरं, सातवं आणि पाचवं-सहावं वाक्य आहे. तुम्ही शेवटून कापलंत, म्हणून सातवं गेलं आणि सरांना म्हणणं सापडेना. पहिली दोन मात्र अजून जागेवर आहेत. १९७२ चा दुष्काळ भीषण होता आणि कामावर बायका खूप होत्या, हे त्या परिषदेत बसलेल्या कुणाला माहीत नाही? शिवाय साल आणि दुष्काळी कामं शीर्षकातच आली आहेत. त्या दोन वाक्यांतले २६ शब्द "१९७२च्या दुष्काळी कामांवरील स्त्रियांकडे" एवढ्यात मावतात. नवव्या वाक्यातली आशा कुठल्याही निबंधाला चिकटवता येते, ते सरळ काढा.

सातवं वाक्य उचलून दुसरं करा. मग कुठूनही कापलंत तरी दावा वाचतो.

एक प्रश्न. "मजुरी वाढवून घेतली" म्हणजे दर वाढला का?

केतकी_ब
नाही, दर ठरलेलाच होता. माप पुरतं लिहून घेतलं, त्यामुळे हातात जास्त पैसे आले.

प्रूफवाचक
मग तसंच लिहा. "मजुरी वाढवून घेतली" वाचून परीक्षक दरवाढीचा पुरावा मागेल. "माप पुरते नोंदवून घेतले" यात एक शब्द वाढतो, तो वाढू द्या. आणि हे त्या स्त्रियांचं सांगणं आहे, म्हणून शेवटी "असे या स्त्रिया सांगतात" हवं.

विनया_संपादन
पण मर्यादेचं वाक्य का ठेवायचं? ११ शब्द जातात. मर्यादा निबंधात येतेच. सारांशात कुणी स्वतःचा मुद्दा कमकुवत करतं का?

प्रूफवाचक
"असे म्हणता येईल", "प्रयत्न करण्यात आला", "अशी आशा वाटते" ही नम्रता आहे, ती काढली तर दावा तोच राहतो. "एका तालुक्यापुरते" काढलं तर दावा बदलतो, तो सगळ्या महाराष्ट्राचा होतो. काढून पाहावं आणि दावा मोठा झाला का ते बघावं. झाला असेल तर तो शब्द परत घालावा.

डॉ_मेघना
आमच्याकडे वैद्यकीय परिषदांना उद्देश, पद्धत, निरीक्षणे, निष्कर्ष असे चार भाग पाडतात. तुम्हीही प्रत्येकाला २५ शब्द द्या, मोजमाप सोपं होईल.

प्रूफवाचक
मेघनाताई, तुमच्याकडे पद्धतीवर सगळी भिस्त असते, तिथे ते योग्य. इथे पद्धत म्हणजे २४ मुलाखती, ते एका वाक्यात संपतं. समान वाटणी केली तर मापाच्या युक्तिवादाला जागा उरणार नाही.

डॉ_मेघना
एका वाक्यात कसं संपेल? मुलाखती कशा निवडल्या, कुणी घेतल्या, हे न सांगता २४ या आकड्याला काय अर्थ? मला तरी हे पटलेलं नाही.

ऋग्वेद_कोड
जोडरेघा वापरा. "कोण-केव्हा-कसे" हा मोजणीत एकच शब्द धरला जातो. तसेच "माप-हजेरी-मुकादम". सात-आठ शब्द सहज वाचतील.

विनया_संपादन
छापणाऱ्याने रेघा सोडवल्या की परत मर्यादेबाहेर. आणि वाचायला किती वाईट दिसतं ते. "१९७२च्या" जोडून लिहिणं ठीक आहे, प्रत्यय जोडूनच लिहायचा असतो. पुढे जाऊ नका.

केतकी_ब
असं झालंय. ७८ शब्द:

"१९७२च्या दुष्काळी कामांवरील स्त्रियांकडे आजवरच्या लेखनाने प्रामुख्याने लाभार्थी म्हणून पाहिले आहे. त्या मापावरून वाटाघाटी करणाऱ्या मजूर होत्या, असे हा निबंध मांडतो. त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्यात खडी फोडायला गेलेल्या २४ स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. मजुरी हजेरीवर नव्हे, फोडलेल्या खडीच्या मापावर ठरे. त्यामुळे माप कोण, केव्हा आणि कसे घेते हा कळीचा प्रश्न होता. टोळ्या करून, स्वतःची मापे ठेवून आणि मुकादमाशी वाद घालून आपण माप पुरते नोंदवून घेतले, असे या स्त्रिया सांगतात. निष्कर्ष एका तालुक्यापुरते असून ५० वर्षांनंतरच्या आठवणींवर आधारलेले आहेत."

प्रूफवाचक
आता २२ शब्द हातात आहेत, ते रिकामे ठेवू नका आणि दुष्काळाची पार्श्वभूमीही परत आणू नका. "स्वतःची मापे ठेवून" इथे वाचक अडखळतो, कारण तुमचा सगळा दावा त्या एका कृतीवर उभा आहे आणि ती दिसत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने माप ठेवलं कसं?

केतकी_ब
पदराला गाठी. फोडलेल्या खडीच्या पाच पाट्या भरल्या की एक गाठ. एका आजींनी तर मला गाठ मारून दाखवली, संध्याकाळी मुकादमापुढे पदर धरून मोजायच्या म्हणे.

प्रूफवाचक
हे सारांशात का नव्हतं!

केतकी_ब
"सांगतात" नंतर घातलं: "काही टोळ्या पदराला गाठी मारून पाट्यांचा हिशेब ठेवत." एकूण ८६. सरांना पाठवलं. त्यांना दावा आता सापडला, पण "प्रामुख्याने" काढ म्हणतात, मुद्दा धारदार होईल.

प्रूफवाचक
सगळ्याच लेखनाने लाभार्थी म्हणून पाहिलंय का? एखादाही अपवाद तुम्हाला माहीत असेल तर तो शब्द राहू द्या.

केतकी_ब
एक लेख आहे, त्यात मापाच्या तक्रारींचा ओझरता उल्लेख आहे. सरांना तो अपवाद वाटत नाही. मला वाटतो. सध्या ठेवून पाठवतेय.

तात्या_बार्शी
पाट्यांचं एक सांगतो, आमच्याकडे पाटी एका मापाची नव्हतीच. ज्याची त्याची घरची पाटी, कुणाची लहान, कुणाची मोठी. मग पाच पाट्यांची गाठ मुकादमाने मानली कशी, हे आजींना जरूर विचारा.