बहिणीने कॅव्हेट टाकलंय, आणि एजंट म्हणतो ‘घेणाऱ्याने बघून घ्यायचं’

शिरूरकर: दीड एकर शेतजमीन घ्यायचं ठरलंय. सातबाऱ्यावर एकट्या विकणाऱ्याचं नाव आहे. परवा कळलं की त्याच्या बहिणीने कोर्टात कॅव्हेट टाकलंय. एजंट म्हणतो, त्याने विक्री अडत नाही, आणि कायदाच ‘कॅव्हेट एम्प्टर’ सांगतो, म्हणजे पुढे काही निघालं तर घेणाऱ्याचं नशीब. कॅव्हेट म्हणजे स्टे का? एजंटचं दुसरं म्हणणं खरं का?

जयवंत_पी: कॅव्हेट लागलं की जमीन अडकली. रजिस्ट्रार दस्तच घेणार नाही. सोडून द्या.

मेलबर्नची_मीना: जयवंत म्हणतात तसं आमच्याकडे आहे. इथे कॅव्हेट थेट जमिनीच्या सरकारी नोंदीवर चढतं, आणि ते असताना सहसा दुसऱ्याच्या नावावर हस्तांतर नोंदवलं जात नाही. आम्ही घराचा करार केल्यावर वकिलाने आमच्याच बाजूने टाकलं होतं, मालकाने मधेच दुसऱ्याला विकू नये म्हणून.

दिवाणी_वकील: मीनाताई, तुमच्याकडचं बरोबर, पण भारतात ते चालत नाही. इथलं कॅव्हेट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खालचं. बहिणीचं म्हणणं इतकंच, की भावाने कोर्टाकडे काही आदेश मागितला तर मला ऐकल्याशिवाय देऊ नका. ते ९० दिवस टिकतं. जमिनीवर बोजा चढत नाही, दस्तही अडत नाही. विक्री थांबवायची तर तिला वाटपाचा दावा लावून मनाई हुकूम घ्यावा लागेल. तेवढ्यापुरता एजंट बरोबर आहे.

पण शिरूरकर, आता तुम्हाला वाद माहीत झालाय. उद्या ‘मी प्रामाणिकपणे, काही ठाऊक नसताना घेतली’ हा बचाव तुम्हाला मिळणार नाही.

सदाभाऊ: मग एजंटचं काय चुकलं? व्यवहारात डोळे उघडे ठेवायचे ते घेणाऱ्याने. पैसे मोजणारा चौकशी करणार नसेल तर विकणाऱ्याने स्वतःच्या मालाची खोट सांगत बसायची का?

दिवाणी_वकील: हो, सांगायची. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, कलम ५५. मालकी हक्कातला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला नाही, आणि साध्या खबरदारीने तो घेणाऱ्याला सापडला नसता, तर विकणाऱ्याने तो उघड केलाच पाहिजे. लपवणं म्हणजे फसवणूक. ‘घेणाऱ्याचं नशीब’ हा नियम आपल्याकडे जमिनीला सरसकट लागत नाही.

सदाभाऊ: तुम्हीच म्हणालात, साध्या खबरदारीने सापडला नसता तर! म्हणजे सापडण्यासारखा असेल तर भोगणार घेणाराच.

दिवाणी_वकील: हा मुद्दा मान्य, आणि खरी लढाई तिथेच होते. शिरूरकरांसारख्या प्रकरणात बहुधा असं घडलेलं असतं: वडील वारले, वारसनोंदीच्या फेरफाराने आई, मुलगा, मुलगी तिघांची नावं लागली. वर्षभराने दुसऱ्या फेरफाराने मुलीचं नाव कमी झालं, आधार काय, तर तलाठ्यापुढचा जबाब किंवा साध्या स्टॅम्पवरचं हक्कसोडपत्र. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं नसेल तर त्याने तिचा हिस्सा सुटत नाही. सातबारा मात्र स्वच्छ दिसतो, कारण तो मालकीचा निर्णय देत नाही.

म्हणून सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक घेऊन एकेक नक्कल मागे मागे वाचत जा. नाव कमी झालेला फेरफार सापडला की त्याचा दस्त क्रमांक पाहा आणि इंडेक्स टू मध्ये तो दस्त खरंच आहे का ते तपासा. तीस वर्षांचा सर्च घ्या. चालू दाव्याची नोटीस नोंदवलेली असेल तर तीही तिथेच दिसते.

कोपरगावची_लेक: मी त्या बहिणीच्या जागी आहे. ‘बँकेच्या कर्जासाठी’ म्हणून माझी सही घेतली, नाव गेलं, आणि घेणाऱ्याने मला एकदाही फोन केला नाही. पेपरात जाहीर नोटीस दिली होती म्हणे, आमच्या घरी तो पेपरच येत नाही. मी कॅव्हेट टाकून निश्चिंत राहिले आणि दरम्यान खरेदीखत झालं. दावा आता चालू आहे.

जयवंत_पी: म्हणजे दस्त होतो तर. मला स्टेच वाटत होता.

सदाभाऊ: ताईंचं दुःख समजतं, पण जाहीर नोटीस देऊन, पंधरा दिवस थांबून घेतलेल्या माणसाने आणखी किती करायचं? प्रत्येक गावात नात्यातल्या सगळ्यांना शोधत फिरायचं?

दिवाणी_वकील: ज्यांचं नाव फेरफारात दिसतं, त्यांना तरी नक्की. शिरूरकरांना तर ती बहीण कोण हे आधीच माहीत आहे. तिला खरेदीखतात संमती देणार म्हणून घ्या, सही आणि अंगठा दुय्यम निबंधकापुढे. ‘कोणी हक्क सांगितल्यास लिहून देणार स्वखर्चाने निवारण करील’ हे वाक्य खतात असू द्या, पण त्यावर विसंबू नका. त्याने भरपाई मागता येते, जमीन हातात राहीलच असं नाही.

शिरूरकर: विकणारा म्हणतो, बहीण सही करणार नाही, त्याऐवजी भाव कमी करतो. विसार अजून दिलेला नाही.

सदाभाऊ: भाव किती कमी, त्यावर ठरवा.

कोपरगावची_लेक: तो जो भाव कमी करतोय, तो तिच्या हिश्श्याचा आहे. आधी तिच्याशी बोला.