मदत हवी आहे: दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेण्यासाठी रुग्णालयाकडून कागदपत्रे मराठीत मागण्याचे पत्र

निवृत्त_गुरुजी

नमस्कार. माझे वय 63 असून मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो आहे. छातीत दडपल्यासारखे होऊ लागल्याने गेल्या महिन्यात एका खाजगी रुग्णालयात माझी अँजिओग्राफी झाली. तेथील डॉक्टरांनी बायपास सुचवली आहे. घरच्यांचे मत असे की, एवढी मोठी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवून घ्यावे, आणि मलाही ते पटते.

रुग्णालयाने दिलेले डिस्चार्ज कार्ड दोन पानांचे असून पूर्ण इंग्रजीत, बहुतेक आद्याक्षरांत आहे. त्यात ट्रेडमिल टेस्ट 'पॉझिटिव्ह' असे लिहिलेले पाहून मला आठ दिवस बरे वाटत होते. पॉझिटिव्ह म्हणजे दोष दिसला, हे मला पुढे भाच्याने सांगितले. हृदयाचे पंपिंग 45 टक्के असे वाचून पत्नीने अर्धे हृदय बंद पडल्याची समजूत करून घेतली, आणि ती अजून नीट जेवत नाही. म्हणून मी खालील पत्र लिहिले आहे. त्यात काही चूक असल्यास कृपया सांगावे.

"प्रति, वैद्यकीय अधीक्षक. मी आपल्या रुग्णालयात दाखल होतो. मला दुसऱ्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावयाचा असल्याने माझ्या उपचारांची सर्व कागदपत्रे व डिस्चार्ज कार्ड मराठीत द्यावे, ही विनंती."

नदीकाठ

गुरुजी, विनंती कशाला करता? महाराष्ट्रात मराठी राजभाषा आहे, 1964 चा कायदा आहे. त्यांना मराठीत द्यावेच लागेल. सरळ माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर येईल.

जुनी_फाईल

मी एका रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात सतरा वर्षे काम केले आहे, त्यामुळे खिडकीच्या आतल्या बाजूने सांगतो. नदीकाठ यांचा राजभाषेचा मुद्दा सरकारी कामकाजापुरता बरोबर आहे, पण खाजगी रुग्णालय त्या कायद्याने बांधले जात नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्जही सरकारी रुग्णालयात चालेल, खाजगी रुग्णालयात तो परत येईल आणि तोवर गुरुजींचा महिना जाईल.

गुरुजी, तुमच्या पत्रात दोन वेगळ्या मागण्या एकाच वाक्यात बसल्या आहेत, आणि अडचण तिथेच होणार आहे. मूळ नोंदींच्या प्रती मिळणे हा तुमचा हक्क आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर 72 तासांत प्रती द्याव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयानेही 1996 मध्येच रुग्णाचा हा हक्क मान्य केला होता. मराठी कागद ही मात्र विनंती आहे. "सर्व कागदपत्रे मराठीत द्यावीत" असे लिहिले तर खिडकीवरचा माणूस "आमच्याकडे भाषांतर होत नाही" एवढेच म्हणेल, आणि हक्काच्या प्रतीही त्याच उत्तराखाली अडकतील. हे मी माझ्या टेबलावर घडताना पाहिले आहे.

शिवाय दुसऱ्या डॉक्टरांना मराठी भाषांतराचा उपयोग नसतो. त्यांना मूळ इंग्रजी नोंदी लागतात, आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात आधी अँजिओग्राफीची सीडी. अहवालात "70 टक्के अडथळा" असे लिहिले असले तरी तो बहुधा पहिल्या डॉक्टरांनी डोळ्याने पाहून केलेला अंदाज असतो. दुसरे डॉक्टर रंगद्रव्य धमनीतून कसे पुढे सरकते ते चलचित्रात स्वतः पाहून मत देतात. छापलेल्या चार स्थिर चित्रांवरून ते कळत नाही. सीडी हातात आल्यावर तिथेच संगणकावर उघडून पाहा. आत `DICOMDIR` नावाची फाईल आणि चित्रांचा फोल्डर आहे का, आणि चित्र हलते का, एवढे पाहिले तरी पुरे. रिकाम्या सीडी घेऊन पुण्याला पोहोचलेले लोक मला माहीत आहेत.

सावली

माझ्या सासऱ्यांच्या विम्याच्या वेळी आम्हालाही फार त्रास झाला. कंपनीने मूळ डिस्चार्ज कार्ड मागितले आणि आम्ही झेरॉक्स दिल्यामुळे क्लेम परत आला. काका, तुम्ही विमा कंपनीकडे आधी अर्ज करा.

निवृत्त_गुरुजी

सावलीताई, माझा प्रश्न विम्याचा नाही, पण मूळ कार्ड हातचे सोडू नये हे लक्षात ठेवतो. जुनी_फाईल, आपले म्हणणे पटले. मात्र मराठीची मागणी पूर्ण सोडावी असे मला वाटत नाही. छातीवर चीर देण्याच्या कागदावर सही माझी होणार आहे.

जुनी_फाईल

सोडू नका, जागा बदला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत आजार व उपचार रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगावेत असे आहे, आणि दुसऱ्या सल्ल्यासाठी नोंदी विनाविलंब द्याव्यात असेही आहे. त्यामुळे भाषांतर न मागता, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सहीचा एका पानाचा मराठी सारांश मागा. निदान काय, कोणत्या धमन्यांत अडथळा, बायपास का सुचवली आणि अँजिओप्लास्टी का नाही, गोळ्या कशा घ्यायच्या, कोणत्या लक्षणांवर लगेच यायचे, एवढेच. एवढे लिहायला डॉक्टर सहसा तयार होतात. पूर्ण फाईलचे भाषांतर कोणीही सही करून देणार नाही, कारण एक शब्द चुकला तरी जबाबदारी त्यांची. वहिनींना सांगा की पंपिंग निरोगी माणसाचेही शंभर टक्के नसते, साधारण 55 ते 70 असते. 45 म्हणजे काहीसे कमी. पुढचे तज्ज्ञ सांगतील.

नदीकाठ

राजभाषेचे माझे चुकले असेल, पण 72 तासांत दिले नाही तर काय?

जुनी_फाईल

म्हणूनच पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची, मुदत मोजता येते. नाही मिळाले तर महापालिका हद्दीत तिच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार. पोच नसेल तर तक्रारीला पाय राहत नाहीत.

निवृत्त_गुरुजी

पत्र नव्याने लिहिले:

"प्रति, वैद्यकीय अधीक्षक. मी आपल्या रुग्णालयात दाखल होतो, नोंदणी क्रमांक व दाखल झाल्याची तारीख वर दिली आहे. दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घेण्यासाठी मला पुढील गोष्टी हव्या आहेत. एक, माझ्या इनडोअर केस पेपरच्या, ईसीजी, टूडी एको, ट्रेडमिल टेस्ट व रक्ततपासण्यांच्या अहवालांच्या साक्षांकित प्रती आणि अँजिओग्राफीच्या चलचित्राची सीडी. यांचा योग्य तो झेरॉक्स खर्च मी भरेन. नियमानुसार या 72 तासांत मिळाव्यात. दोन, मला इंग्रजी वाचता येत नसल्याने माझा आजार, सुचवलेली शस्त्रक्रिया व औषधे यांचा एका पानाचा मराठी सारांश उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सहीने मिळावा, ही स्वतंत्र विनंती. दुसऱ्या मागणीस वेळ लागत असल्यास पहिली थांबवू नये."

काल हे पत्र दिले, पोच घेतली. सीडी आजच मिळाली आणि भाच्याच्या संगणकावर उघडली, चित्र हलते आहे. झेरॉक्ससाठी परवा बोलावले आहे. मराठी सारांशाबद्दल खिडकीवरच्या बाईंनी "डॉक्टरांना विचारते" असे म्हटले असून अद्याप उत्तर आलेले नाही. कोणाला असा मराठी सारांश खाजगी रुग्णालयाकडून प्रत्यक्ष मिळाला असल्यास तो कसा होता, ते कृपया लिहावे.