चॅनेल प्रायव्हेट झाले की प्रेक्षकाचा हक्क संपतो का?

रसिक_कुडाळ: माझ्या यूट्यूब प्लेलिस्टमधले दशावतारी नाटक अचानक गायब झाले. यूट्यूबने ते काढून टाकले का? परत कसे मिळेल?

जुनी_पेटी: यूट्यूबने नाही, चढवणाऱ्यानेच चॅनेलवरचे सगळे व्हिडिओ प्रायव्हेट केले आहेत. प्लेलिस्टच्या तीन टिंबांच्या मेनूत Show unavailable videos निवडलेत, तर त्या जागी [Private video] दिसेल. व्हिडिओ पुसलेला असता तर [Deleted video] दिसले असते. त्याच चॅनेलची इतर नाटके माझ्याकडे साठवलेली आहेत, तीही आज तशीच दिसतात, आणि चॅनेलचे पान नावासह उघडते पण रिकामे आहे. म्हणजे फाइल शाबूत आहे आणि मालकाने मनात आणले तर ती त्याच लिंकवर पुन्हा दिसू लागेल. व्हिडिओ प्रायव्हेट ठेवूनही तो ई-मेलने ५० जणांपर्यंत पाहण्याची परवानगी देऊ शकतो, त्यामुळे त्यालाच नम्रपणे विचारावे.

मांडावरचा: विनंती कशासाठी करायची? दशावतारातील संवाद नट रंगमंचावर उत्स्फूर्तपणे रचतात, त्यामुळे त्या रात्रीचा शंकासुर पुन्हा तसाच उभा राहणार नाही. कॅमेरा ज्याचा, त्याची ती कला होत नाही. ज्यांच्याकडे प्रत असेल त्यांनी ती खुशाल चढवावी.

वाचक_मालवण: मालकाला दोष देण्याची घाई नको. २०२१ मध्ये यूट्यूबनेच जुने व्हिडिओ प्रायव्हेट केले होते.

जुनी_पेटी: केले होते, पण ते २०१७ पूर्वी चढवलेले आणि केवळ लिंकवरून दिसणारे अनलिस्टेड व्हिडिओ होते. हे नाटक सर्वांसाठी खुले होते, म्हणून तो नियम इथे लागू होत नाही.

नेपथ्य: मी स्वतः माझे चॅनेल असेच बंद केले आहे. आमच्या मंडळातील स्त्रीपार्टी नटाच्या प्रवेशाचे तुकडे कापून लोकांनी त्यांची टिंगल केली, आणि त्यांच्या मुलाने मला ते थांबवण्याची विनंती केली. कोणता तुकडा कुठून उचलला हे शोधत बसण्यापेक्षा स्टुडिओत सगळे व्हिडिओ एकदम निवडून प्रायव्हेट करणे हाच मार्ग मला हाताशी दिसला. श्री. मांडावरचा, तुम्ही म्हणता तशी प्रत कुणी चढवली, तर त्या नटाची विटंबना पुन्हा सुरू होईल.

मांडावरचा: त्या नटाबद्दल मला मनापासून वाईट वाटते. तरीही एका प्रवेशासाठी पेटी, पखवाज, झांज वाजवणाऱ्यांसकट सगळ्या मंडळाची सगळी नाटके दडवणे मला पटत नाही. तेवढेच नाटक झाकता आले असते.

नेपथ्य: बाकीच्या नाटकांतही तेच नट आहेत.

रसिक_कुडाळ: चॅनेलच्या पानावर ई-मेल दिलेला नाही. मालकापर्यंत पोहोचायचे कसे?

जुनी_पेटी: नाटक कोणत्या मंडळाचे होते ते आठवत असेल, तर मंडळाच्या मालकाला विचारा, चित्रीकरण करणारा बहुधा त्यांच्या ओळखीचा असेल. सोबत जुनी लिंक द्या, कारण `v=` नंतरच्या अकरा अक्षरांवरून त्याला नेमका व्हिडिओ सापडेल.