शब्दचर्चा: रेडलाईन, शिफ्ट लाईट आणि लिमिटर यांना मराठीत काय म्हणावं?

अर्धविराम: एका मोटरसायकलच्या माहितीपुस्तकाचं मराठी करतोय. 'रेडलाईन'ला 'लाल रेघ' केलं, 'शिफ्ट लाईट'ला 'गिअरदिवा' आणि 'रेव्ह लिमिटर'ला 'वेगमर्यादक'. मग एक वाक्य लिहिलं: "वेगमर्यादक असल्यामुळे इंजिन लाल रेघेपलीकडे जाऊ शकत नाही." मित्राने वाचलं आणि म्हणाला, शब्द चुकलाय आणि वाक्यही चुकलंय. नक्की काय चुकलं?

घाटवळण: वेगमर्यादक बसवलेली गाडी चढावर ओव्हरटेक करताना ऐन वेळी दगा देते. ऐंशीच्या वर जातच नाही. मी तर काढूनच टाकावा म्हणतो.

अर्धविराम: तो वेगळा ना? मी इंजिनाच्या फेऱ्यांबद्दल विचारतोय.

जुना हात: घाटवळण यांनी तुमच्या शब्दाची परीक्षा घेतली, आणि शब्द नापास झाला. 'वेगमर्यादक' म्हटलं की वाचणाऱ्याला गाडीचा वेग आठवतो, म्हणजे ट्रक-बसला बसवतात तो गव्हर्नर. इथे मर्यादा आहे ती क्रँकच्या फेऱ्यांना. पहिल्या गिअरमध्ये गाडी पन्नासावर असतानाही लिमिटर लागतो. 'फेरेमर्यादक' म्हणा, नाहीतर सरळ 'लिमिटर' ठेवा. गॅरेजमध्ये कोणी त्याला दुसरं काही म्हणत नाही. 'लिमिटर लागला' हे आता मराठीच आहे.

'लाल रेघ'ही पटत नाही. टॅकोमीटरवर रेघ नसते, लाल पट्टा असतो. काटा पट्ट्याच्या कडेला टेकला की कंपनीने ठरवलेली हद्द आली. 'काटा लालमध्ये गेला' असं आपण बोलतोच की.

पिळवटकर: शब्द काहीही ठेवा हो, मित्राचा आक्षेप मात्र चूक आहे. लिमिटर असताना इंजिनला काही होत नाही, तो त्यासाठीच असतो. मी रोज लालपर्यंत ताणतो. लिमिटरला 'तडतडतड' वाजतं, इंधन तुटतं, काटा जागच्या जागी थरथरतो, बस्स. दोन वर्षं झाली, इंजिन ठणठणीत.

जुना हात: अर्धं बरोबर. तुम्ही कान पिळून काटा वर नेता तेव्हा फेरे वाढवणारी ताकद इंजिनच्या आतून, जळणाऱ्या पेट्रोलमधून येते. ती तोडली की फेरे थांबतात. लिमिटरच्या हातात तेवढंच आहे. फेरे बाहेरून वाढले तर तोडणार काय?

गाडीतलं उदाहरण घ्या. तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर 1.3, दुसऱ्याचं 1.95, लिमिटर 6,800 ला. तुम्ही तिसरा 6,500 पर्यंत ताणलात, आता चौथा टाकायचा. घाईत दांडा भलत्या खाचेत गेला आणि दुसरा पडला. क्लच सोडल्याबरोबर चाकं इंजिनला फिरवू लागतात: 6,500 गुणिले 1.95 भागिले 1.3, म्हणजे 9,750. लिमिटरने पेट्रोल कधीच बंद केलंय, पण चाकांना पेट्रोल लागत नाही. मोटरसायकलला दांडा असा चुकत नाही, पण ब्रेक मारताना एकाऐवजी दोन गिअर खाली पडले की तोच प्रकार.

शेवंती: 6,800 आणि 9,750 म्हणजे दीडपटही नाही. इंजिन एवढं नाजूक असतं?

जुना हात: फेरे दीडपट झाले तरी ताण दीडपट राहत नाही, वर्गाने वाढतो. या हिशोबात दुपटीहून थोडा जास्त. पिस्टन वर जातो, थांबतो, परत खाली ओढला जातो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी त्याला वरून रोखायला दाबच नसतो, त्यामुळे पिस्टनला परत ओढायचं सगळं ओझं कनेक्टिंग रॉडवर आणि त्याच्या बोल्टवर येतं. बोल्ट थोडासा जरी कायमचा ताणला गेला तरी बेअरिंगची पकड गेली.

त्याआधी बहुधा व्हॉल्व्ह बोलतात. स्प्रिंगला ठरावीक घाईपर्यंतच व्हॉल्व्ह परत बसवता येतो. त्यापुढे तो कॅमच्या मागे राहतो, तरंगतो, आणि खालून पिस्टन येऊन भेटतो. वाकलेला व्हॉल्व्ह नीट बसत नाही. गाडी चालू होते, पण एक सिलिंडर कॉम्प्रेशन धरत नाही आणि आयडलला झटके बसतात. असा प्रकार झाल्यावर गाडी चालवून बघू नका, आधी कॉम्प्रेशन तपासा.

शेवंती: म्हणजे वापरलेली स्पोर्टी गाडी घेताना हे कळायची सोय आहे का?

जुना हात: काही गाड्यांत आहे. पोर्शच्या ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या संगणकात, इंजिन हद्दीबाहेर असताना किती ठिणग्या पडल्या आणि त्या वेळी ते किती तास चाललेलं होतं याची टप्प्यांनुसार नोंद राहते, आणि जाणकार खरेदीदार ती मागतात. खालच्या टप्प्यांतल्या नोंदी म्हणजे लिमिटरपर्यंत ताणणं. वरच्या टप्प्यांतल्या नोंदी फक्त चुकीच्या गिअरने येतात.

पिळवटकर: बरं, चुकीचा गिअर मान्य. पण माझ्या ताणण्याने झीज होते का, ते सांगा.

जुना हात: गरम इंजिन, पुरेसं ऑईल, काटा लालच्या कडेला जाऊन पुढचा गिअर: कंपनीने हे धरूनच हद्द आखलेली असते. झीज थोडी जास्त, पण कडेच्या अलीकडे शून्य आणि पलीकडे मरण असं नसतं. ती हळूहळू चढते. थंड इंजिनवर मात्र असं करू नका. पाण्याचा काटा मधोमध आला तरी ऑईल अजून जाड असतं, त्याला गरम व्हायला जास्त वेळ लागतो. म्हणून बीएमडब्ल्यूच्या काही एम गाड्यांत इंजिन थंड असेपर्यंत टॅकोमीटरवर जास्तीचे दिवे पेटून हद्द खाली दाखवतात.

आणि तुमची 'तडतड'. न्यूट्रलमध्ये उभं राहून धरून ठेवता का?

पिळवटकर: कधीतरी. मित्र आले की.

जुना हात: तेच बंद करा. उभ्या गाडीला वारा नाही. इंधन तोडणारा लिमिटर असेल तर एवढं तरी बरं. जुन्या कार्बोरेटरच्या मोटरसायकलींत ठिणगी तोडतात, म्हणजे न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन जळतं. तुम्हाला जो 'फटफट' आवाज आवडतो तो तोच.

नवखी_चाकं: माझ्या नव्या बाईकचा शिफ्ट लाईट, म्हणजे गिअर बदला सांगणारा दिवा, लालच्या बराच आधी लुकलुकतो. बिघाड आहे का?

जुना हात: बहुधा नाही. दिवा लिमिटरच्या आधीच लागायला हवा. समजा दिवा 9,500 ला आणि लिमिटर 10,500 ला. पहिल्या गिअरमध्ये फेरे सेकंदाला चार हजाराने चढत असतील तर तुमच्या हातात पाव सेकंद आहे, पाय हलेपर्यंत संपतो. पाचव्यात तेवढेच हजार फेरे चढायला काही सेकंद लागतात. बऱ्याच मोटरसायकलींत हा आकडा मेनूतून बदलता येतो. नवीन इंजिन रुळवून घेताना तो मुद्दाम खाली ठेवलेला असू शकतो. पुस्तकात बघा.

अर्धविराम: वाक्य बदललं: "लिमिटर इंजिनाला स्वतःच्या जोरावर ठरलेल्या फेऱ्यांपुढे जाऊ देत नाही. चुकीच्या खालच्या गिअरने फेरे वाढले तर तो थांबवू शकत नाही." 'गिअरदिवा' मात्र ठेवतोय.

शेवंती: गिअरदिवा म्हटल्यावर मला न्यूट्रलचा हिरवा दिवा डोळ्यासमोर येतो. 'बदलदिवा'?

जुना हात: बदलदिवा म्हणजे बल्ब बदला असं वाटतं.

अर्धविराम: 'शिफ्ट लाईट' लिहून सोडून द्यावं की काय...