केर-फरशी, भांड्यांसाठी बाई हवी आहे (तातडीने)

वैतागलेला_गृहस्थ: रोज सकाळी 8 ते 10. केर-फरशी, भांडी, दोन बाथरूम. महिना 2,500. आधार आणि पोलीस व्हेरिफिकेशन लागेलच. आधीच्या बाई न सांगता गेल्या, तीन दिवस सिंक भरलेलं आहे. ओळखीत कुणी असेल तर लगेच कळवा.

सुगरण: राहता कुठे ते तरी लिहा!

वैतागलेला_गृहस्थ: कोथरूड. दोन बेडरूम, तिसरा मजला.

अंजूमावशी: लिफ्ट आहे का? माणसं किती?

वैतागलेला_गृहस्थ: लिफ्ट नाही. आम्ही चौघं.

डिशवॉशरवाला: डिशवॉशर घ्या, कटकट मिटेल. माझा तीन वर्षं मस्त चाललाय.

सुगरण: पिठल्याची करपलेली कढई त्यात घालून दाखवा, मग बोलू.

अंजूमावशी: कामं तासावर नाही, नगावर ठरतात. आमच्या सोसायटीत केर-फरशी 1,000, चौघांची भांडी 1,000. बाथरूम घासणं हे वेगळं काम. आठवड्यातून दोनदा म्हटलं तरी दोन्हींचे 800. झाले 2,800, तेही लिफ्ट असलेल्या इमारतीत. शिवाय 8 ते 10 सगळ्यांनाच हवं असतं. साडेअकरानंतर चालेल म्हणालात तर बाई लवकर मिळेल.

वैतागलेला_गृहस्थ: दहाला आम्ही दोघंही बाहेर पडतो.

अंजूमावशी: मग चावी शेजारी ठेवा. खाडेही आधीच बोलून घ्या: महिन्याला दोन सुट्ट्या पगारी, दिवाळीला एक पगार. बाई न सांगता जातात ते बहुतेक खाड्याचे पैसे कापल्यावरच.

वैतागलेला_गृहस्थ: ...कापले होते. पाच दिवसांचे.

नियमवाला: मूळ आधार कार्ड ताब्यात घ्या, पळून जाणार नाही.

अंजूमावशी: अजिबात नको. दुसऱ्याचं कार्ड अडकवून ठेवायचा तुम्हाला काय अधिकार? मास्क्ड आधारची प्रत घ्या, शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि पोलिसांची माहिती मालकानेच भरायची असते, बाईंना चौकीत पिटाळू नका. फोटो, हल्लीचा पत्ता आणि गावचा पत्ता विचारून घ्या. हल्लीची खोली भाड्याची असते, ती कधीही बदलते.

नियमवाला: व्हेरिफिकेशन झालं की मग निर्धास्त, नाही का?

अंजूमावशी: आधीचा गुन्हा नोंदलेला असेल तर कळेल, एवढंच. जिथे आधी काम केलं त्या दोन घरी फोन करा, त्यातून जास्त कळतं.

परदेशस्थ: माझ्या आईसाठी सोलापुरात रात्रीची आया हवी आहे. तिलाही हेच दर का?

सुगरण: अहो, ते वेगळं काम. नवा धागा काढा.

वैतागलेला_गृहस्थ: 2,800 चालतील. पण चावी शेजारी ठेवायला बायको तयार नाही. आठच्या आधी, साडेसहाला कुणी येईल का?

अंजूमावशी: साडेसहाला त्यांच्या घरी पाणी येतं. विचारून बघते. घरात कुत्रा नाही ना?

वैतागलेला_गृहस्थ: आहे. पण चावत नाही.