मदत हवी आहे: व्हिडिओतील स्थान आणि फोनची माहिती पूर्णपणे कशी काढावी?

गंगथडीकर

गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी आमची शेती आहे. मार्च महिन्यात पहाटे नदीपात्रात पोकलेन आणि हायवा लावून वाळूउपसा चालू होता, त्याचे ४८ सेकंदांचे चित्रण मी आमच्या आखाड्याच्या पत्र्याआडून केले. पात्र कोणते आहे हे साऱ्या पंचक्रोशीला माहीत आहे, त्यामुळे ते लपवण्याचे कारण नाही. चित्रण कुणाच्या आखाड्यावरून झाले, एवढेच मला बाहेर जाऊ द्यायचे नाही.

फोनवर एका ॲपमध्ये फाइलची माहिती उघडून पाहिली, तेव्हा स्थानाच्या जागी काहीच दिसले नाही, म्हणून मी निर्धास्त झालो. नंतर केबलने व्हिडिओ लॅपटॉपवर घेतला आणि व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून, चित्र धूसर होऊ नये म्हणून, एका परिचित वार्ताहराला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला. त्यांनी तासाभरात फोन करून विचारले, “हा नकाशावरचा ठिपका तुमच्या आखाड्याचा आहे का?” ते भले गृहस्थ असल्यामुळे निभावले.

मग मी लॅपटॉपवर एक्झिफटूल बसवले. त्यात दिसलेल्या कामाच्या ओळी खाली देतो. आकडे मी झाकले आहेत.

```
exiftool -a -G1 -s -n -ee VID_20250312_064210.mp4

[QuickTime] CreateDate      : 2025:03:12 01:12:58
[Track1]    TrackCreateDate : 2025:03:12 01:12:58
[UserData]  GPSCoordinates  : 19.3xxx 75.7xxx
[Keys]      AndroidVersion  : 14
```

त्यानंतर `exiftool -all=` ही आज्ञा चालवली. स्थान गेले, पण तारीख तशीच राहिली. माझे प्रश्न असे: फोनवर न दिसलेले स्थान लॅपटॉपवर कुठून आले? तारखेतली वेळ चुकीची दिसते (चित्रण पावणेसातच्या सुमाराचे आहे), मग ती राहिली तर बिघडते का? आणि सर्वांसाठी खुली टाकण्याची प्रत नेमकी कशी तयार करावी?

रेणापूरकर

एवढा खटाटोप कशासाठी? व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवावा आणि तिथून उतरवून घ्यावा. त्यातील सर्व माहिती आपोआप निघून जाते. पुढच्या वेळेसाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्थान नोंदवणे बंद करून ठेवावे. मी गेली चार वर्षे हेच करतो.

मानवतची_लेक

मला तर उलटाच अनुभव आला. सोयाबीन पाण्यात गेल्यावर ७२ तासांच्या आत पीकविम्याची सूचना द्यायची होती. मी बांधावरचे फोटो आधी व्हॉट्सअ‍ॅपवरून भावाला पाठवले आणि त्याने तेच फोटो पुढे दिले. त्यांत स्थान नाही म्हणून पुन्हा चिखल तुडवत जाऊन नवे फोटो काढावे लागले. तेव्हा गंगथडीकर, स्थान काढून टाकू नका, पुढे तेच मागतील.

गंगथडीकर

ताई, तुमचे म्हणणे विम्यासाठी बरोबर आहे; परंतु मला हा व्हिडिओ कार्यालयात द्यायचा नसून समाजमाध्यमावर टाकायचा आहे. पंचनाम्याला आलेले लोक आणि वाळूवाले यांना एकच प्रत दाखवून भागणार नाही.

एडिटिंग_टेबल_अंबाजोगाई

मी लग्नाच्या चित्रफिती जुळवण्याचे काम करतो, त्यामुळे या फाइलींची आतली बाजू रोजच पाहतो. तुमचा पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक लोक तिथेच फसतात. अँड्रॉइड १० पासून अशी व्यवस्था आहे की, फोटो-व्हिडिओतील स्थान वाचण्याची वेगळी परवानगी ज्या ॲपकडे नसेल, त्याला प्रणाली फाइल वाचू देते पण स्थानाचा तेवढा भाग झाकून देते. तुमच्या ॲपला कोरी जागा दिसली ती यामुळे. फाइलमध्ये स्थान होतेच. केबलने फाइल लॅपटॉपवर आली तेव्हा झाकणारा कोणी मध्ये उरला नाही. म्हणून फोनवरच्या ॲपने “स्थान नाही” म्हटले तर त्यावर विसंबू नये. फाइल संगणकावर घेऊन पाहावी.

त्या आकड्यांचे गांभीर्यही समजून घ्या. अंशाच्या चौथ्या दशांश स्थानाचा एक आकडा म्हणजे जमिनीवर साधारण ११ मीटर. उपग्रहाचा अंदाज थोडा इकडे-तिकडे झाला तरी आजूबाजूला दुसरा आखाडा नसेल, तर ठिपका तुमच्याच पत्र्यावर येणार.

वेळ चुकीची नाही. ती जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते. त्यात साडेपाच तास मिळवा, म्हणजे ६ वाजून ४२ मिनिटे ५८ सेकंद होतात. फाइलच्या नावात ६:४२:१० आहे. ४८ सेकंद पुढे, म्हणजे चित्रण थांबवल्याचा क्षण. त्या वेळी त्या बाजूला कोण होते, हे गावात विचारून काढायला फार कष्ट पडत नाहीत, म्हणून तारीख काढलेलीच बरी. एक्झिफटूल `-all=` ने स्थान आणि फोनच्या नोंदी पुसते, परंतु फाइलच्या मुख्य शीर्षातल्या आणि प्रत्येक ट्रॅकच्या तारखांना हात लावत नाही. शिवाय ते त्याच फोल्डरमध्ये `_original` असे शेपूट लावून जुनी फाइल ठेवून देते. घाईत तीच जोडून पाठवल्याचे मी माझ्या समोर पाहिले आहे.

मी अशा कामाला एफएफएमपेग वापरतो. ते चित्र आणि आवाज जसेच्या तसे उचलून नव्या डब्यात भरते. जुन्या डब्यावरची चिठ्ठी पुढे नेत नाही. दर्जा तसूभर घटत नाही आणि ४८ सेकंदांना क्षणभर लागतो.

```
ffmpeg -i mul.mp4 -map 0:v:0 -map 0:a:0 \
  -map_metadata -1 -map_chapters -1 \
  -c copy -fflags +bitexact khuli.mp4
```

विंडोजवर असाल तर उलट्या तिरप्या रेघा गाळून सर्व एकाच ओळीत लिहा. काही ठिकाणी `-map 0` लिहायचा सल्ला दिलेला आढळेल, तो इथे घेऊ नका. त्याने मूळ फाइलमधील प्रत्येक ट्रॅक मागितला जातो, आणि आयफोनच्या फाइलींत चित्र-आवाजाखेरीज माहितीचे ट्रॅकही असतात. तुमच्या चित्रणात घरच्या कुणाचा आवाज आला असेल, तर `-map 0:a:0` काढून टाका, म्हणजे प्रत मुकी होईल. आवाजावरून माणूस ओळखायला आपल्याकडे कोणत्याही यंत्राची गरज लागत नाही.

नंतर पुन्हा तीच एक्झिफटूलची आज्ञा नव्या फाइलवर चालवा. GPSCoordinates आणि AndroidVersion या ओळी नाहीशा झाल्या पाहिजेत आणि तारखांच्या जागी सगळी शून्ये दिसली पाहिजेत. यादीत वरच्या बाजूला आजची तारीख दिसेल, तिला घाबरू नका. ती तुमच्या संगणकाने फाइल केव्हा तयार केली त्याची आहे, व्हिडिओच्या आत लिहिलेली नाही.

रेणापूरकर, नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅप नव्याने दाबून तयार करते आणि त्यात स्थान राहत नाही, हे तुमचे खरे आहे. पण तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ फाइल बाइटन्‌बाइट पोचते, आणि यांच्याकडून नेमके तेच झाले. शिवाय दाबलेल्या प्रतीत हायवाच्या मागची नंबरप्लेट वाचता येईल का, ते आधी बघा. या व्हिडिओचा सगळा जीव त्या प्लेटमध्ये आहे.

रेणापूरकर

डॉक्युमेंटचा फरक मला ठाऊक नव्हता. मात्र यूट्यूब किंवा फेसबुकवर टाकल्यावर पाहणाऱ्याला स्थान काढता येत नाही, हे तरी बरोबर ना?

एडिटिंग_टेबल_अंबाजोगाई

पाहणाऱ्याला मिळते ती त्यांनी नव्याने बनवलेली प्रत, हे बरोबर. पण त्या कंपनीकडे तुमची मूळ फाइल जातेच. म्हणून आधी घरी धुवावे आणि मग वेशीबाहेर न्यावे.

वकील_जालना

तांत्रिक भागात मला गती नाही, एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. मूळ फाइलवर कोणतीही आज्ञा चालवू नका. जे काही करायचे ते तिच्या प्रतीवर करा. उद्या हे चित्रण पुरावा म्हणून द्यायची वेळ आली, तर १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्य लिहायचे असते. मूळ फाइलमधला एक बाइट जरी बदलला तरी हे मूल्य बदलते. विंडोजवर ते असे मिळते, आणि ते आजच तारखेसह वहीत उतरवून ठेवावे:

```
certutil -hashfile mul.mp4 SHA256
```

मानवतच्या ताईंचे म्हणणे या ठिकाणी लागू पडते. जे स्थान आणि जी वेळ तुम्हाला आज लोकांपासून लपवायची आहे, तीच न्यायालयात तुमच्या उपयोगाची आहे. फोनमधला व्हिडिओही पुसू नका.

गंगथडीकर

सर्वांचा आभारी आहे. फोनमधील मूळ फाइलला मी हात लावलेला नव्हता, कारण `-all=` लॅपटॉपवरच्या प्रतीवर चालवले होते. फोल्डर उघडून पाहिले तर `_original` शेपटीची फाइल खरोखरच तिथे बसलेली होती. फोनमधून नव्याने प्रत घेऊन हॅश उतरवला. तो त्या `_original` फाइलच्या हॅशशी अक्षरशः जुळला.

नवी प्रत तयार केली. स्थान गेले, तारखा शून्य झाल्या. आवाज काढून टाकला, कारण ३१ व्या सेकंदाला काका मला नावाने हाक मारतात, हे आज कान देऊन ऐकल्यावर लक्षात आले. पण आता नवीनच गोष्ट खटकते आहे: पहिल्या सहा सेकंदांत चौकटीच्या डाव्या कडेला आमच्या विहिरीचा रहाट दिसतो. तेवढे सेकंद कापावेत का? शिवाय फोन त्यांच्या हाती लागला, तर हा व्हिडिओ याच फोनचा आहे असे ओळखता येते का?

एडिटिंग_टेबल_अंबाजोगाई

सेकंद कापा, पण एक सावधगिरी बाळगा. `-c copy` ठेवून कापले, तर काप तुम्ही सांगाल तिथे न पडता मागच्या पूर्ण चौकटीपाशी पडतो. कापलेला भाग खेळताना दिसला नाही तरी फाइलमध्ये उरू शकतो, आणि जाणकार माणूस तो बाहेर काढू शकतो. म्हणून त्या कामापुरते चित्र नव्याने एन्कोड करा:

```
ffmpeg -ss 7 -i mul.mp4 -map 0:v:0 -map_metadata -1 \
  -map_chapters -1 -c:v libx264 -crf 18 \
  -fflags +bitexact khuli2.mp4
```

१८ या आकड्याला नंबरप्लेट वाचता येते का ते पाहा. अक्षरे फुटत असतील तर आकडा कमी करा, फाइल मोठी होईल.

फोन ओळखण्याबद्दल सांगायचे तर, प्रत्येक कॅमेऱ्याच्या सेन्सरची एक बारीक, ठरावीक खरखर चित्रात उतरते, आणि फोन हाती असेल तर न्यायवैद्यक तज्ज्ञ तिची तुलना करू शकतात. कोणतीही चिठ्ठी पुसून ती जात नाही. पुन्हा एन्कोड केल्याने ती पुसट होते, पण ४८ सेकंदांच्या व्हिडिओत ती किती शिल्लक राहते, याबाबत आमच्याच ओळखीच्या दोन जणांची मते जुळत नाहीत. वाळूवाल्यांकडे अशी प्रयोगशाळा असेल असे मला वाटत नाही. त्यांना रहाट पुरेसा आहे.

वकील_जालना

वार्ताहराकडे गेलेल्या त्या पहिल्या फाइलचे काय केले?

गंगथडीकर

त्यांना पुसायला सांगितले, त्यांनी पुसली असे सांगितले. ‘सर्वांसाठी हटवा’ केले तेव्हा ती त्यांच्या संगणकावर आधीच उतरलेली होती.